सहा की शून्य

मघाशी ऑफिसातल्या सगळ्यांसाठी चार वाक्यं इंग्रजीत बोलून झाली. आता घरची मंडळी आली आहेत, आपले मराठी सहकारी आहेत, तेव्हा उरलेलं मराठीत बोलतो. समोर आमच्या घरचे बसले आहेत. सदतीस वर्षं मी रात्री-अपरात्री डबा घेऊन बाहेर पडलो, आणि नेमकं काय करून परत येतो हे त्यांना मी कधी धड सांगितलं नाही. आज सांगायचं आहे. आणि ते सांगताना एका गेलेल्या वस्तूला नमस्कार करायचा आहे. तिचा सेंडऑफ कुणीच केला नाही. एका शिफ्टला ती होती आणि पुढच्या कुठल्याशा शिफ्टला नव्हती.

ती वस्तू म्हणजे ही. स्ट्रिप. वीतभर लांब, दोन बोटं रुंद जाड कागदाची पट्टी. ही कोरी आहे. भरलेली पट्टी दाखवता आली असती तर बरं झालं असतं, पण भरलेल्या पट्ट्या नियमाप्रमाणे किमान तीस दिवस जपून ठेवायच्या आणि मग नष्ट करायच्या असतात. मी लिहिलेली एकही पट्टी आज जगात नाही. या कोऱ्या पट्ट्या एका कपाटाच्या तळाशी सापडल्या.

घरच्यांना वाटायचं की आम्ही दिवसभर रडारवर विमानं बघत बसतो. विमानतळाच्या आसपास ते खरंही आहे. पण रडारची नजर जमिनीवरून सरळ रेषेत जाते आणि पृथ्वी गोल आहे. कितीही उंच उडणारं विमान असलं तरी किनाऱ्यापासून अडीचशे सागरी मैलांच्या आसपास ते दिसेनासं होतं. मुंबईच्या ताब्यातलं आकाश मात्र तिथं संपत नाही, अरबी समुद्रावर ते ओमान, सोमालिया, सेशेल्सच्या हद्दीपर्यंत पसरलेलं आहे. मी उमेदवारीत होतो तेव्हा त्या सगळ्या पाण्यावरची विमानं सांभाळायला आमच्याकडे पडदा नव्हता. एक लाकडी बोर्ड होता, त्यावर खाचा होत्या, आणि खाचांत या पट्ट्या.

तो बोर्ड कसा वाचायचा ते सांगतो. समुद्रात रस्ते नसतात, पण हवाई मार्ग असतात, आणि त्या मार्गांवर ठरवून दिलेले बिंदू. त्यांना नावं असतात. आता परार, रास्की, किटल अशी आहेत. इंग्रजीत पाच अक्षरांची, अर्थ काही नाही, फक्त रेडिओवर उच्चारायला सोपी. बोर्डावर प्रत्येक बिंदूच्या नावाचा एक रकाना. एखादं विमान चार बिंदूंवरून जाणार असेल तर त्याच्या चार पट्ट्या, प्रत्येक नावाखाली एक. पट्टीवर डाव्या बाजूला विमानाचं नाव आणि जात, मग त्याची लेव्हल, म्हणजे उंची, आणि मग त्या बिंदूवर ते किती वाजता पोचणार तो अंदाज. आमच्या भाषेत एस्टिमेट. रकान्यात पट्ट्या वेळेच्या क्रमानं लावायच्या.

बस, एवढंच. पण एवढ्यावरून अख्खा समुद्र दिसायचा. एकाच नावाखाली दोन पट्ट्या, दोन्हीवर एकच लेव्हल आणि एस्टिमेटमध्ये ठरलेल्यापेक्षा कमी अंतर असलं की तिथं धोका आहे. एकाच वाटेनं एकामागोमाग जाणारी असतील तर दहा मिनिटं हवीत, एकमेकांची वाट कापणारी असतील तर पंधरा. यातलं काही बसत नसलं की दोन्ही पट्ट्या खाचेतून अर्ध्या बाहेर ओढून तिरक्या करायच्या. तिरकी पट्टी म्हणजे काम बाकी आहे. सुपरवायझर पाठीमागून नुसता चालत गेला तरी त्याला कळायचं, या पोराच्या बोर्डावर किती तिरक्या आहेत. विचारावं लागायचं नाही.

पट्टीवर खोडरबर चालत नसे. विमानाला एकोणतीस हजारांवरून एकतीस हजारांवर पाठवलं तर २९० वर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी ३१० लिहायचं. रेघ अशी मारायची की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. म्हणजे पट्टी बघितली की विमान आत्ता कुठं असायला हवं हे तर कळायचंच, पण ते कुठून आलं, वाटेत त्याला काय काय सांगितलं, हेही कळायचं. शिफ्ट बदलताना येणारा माणूस खुर्चीमागे उभा राहून पाचेक मिनिटं पट्ट्या वाचायचा. मग म्हणायचा, ‘पिक्चर आलं’. तोवर जाणाऱ्यानं उठायचं नाही.

ही पट्ट्यांवरची माहिती यायची कशी, तर एचएफ रेडिओवरून. नेहमीचा रेडिओसुद्धा रडारसारखा सरळ रेषेतच चालतो, म्हणून समुद्रात तो तुटतो. एचएफच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आदळून परत खाली येतात, त्यामुळे हजारो किलोमीटरवरचा माणूस ऐकू येतो. आता ‘ऐकू येतो’ हा शब्द जरा मोठा झाला. पावसाळी रात्री कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज, आणि त्या तडतडीच्या पलीकडे कुणीतरी आकडे म्हणतोय. दिवसा एक फ्रिक्वेन्सी चालायची, सूर्य मावळला की वरचा थर बदलायचा आणि खालच्या फ्रिक्वेन्सीवर जावं लागायचं. तो बदल होण्याच्या वेळी अर्धा-पाऊण तास कुठलीच नीट लागत नसे. कधी कधी एका विमानाचा निरोप मधल्या दुसऱ्या विमानाचा वैमानिक आम्हांला पोचवायचा. ना त्याची ओळख, ना त्या विमान कंपनीशी त्याचा संबंध, पण तो प्रत्येक आकडा दोनदा म्हणायचा.

त्यातही आम्ही कंट्रोलर वैमानिकाशी थेट बोलत नसू. रेडिओ रूममधला ऑपरेटर कानाला हेडफोन लावून ऐकायचा, चिठ्ठीवर लिहायचा, ती चिठ्ठी माझ्याकडे यायची. मी उत्तर लिहायचं, चिठ्ठी परत जायची, ऑपरेटर ते वाचून दाखवायचा, वैमानिक तेच शब्द उलट म्हणून दाखवायचा, आणि ते बरोबर असलं तरच काम झालं. चांगली रात्र असेल तर या सगळ्याला तीन-चार मिनिटं. वाईट रात्र असेल तर दहा. त्या ऑपरेटरांची नावं कुठल्या समारंभात कुणी घेतली नाहीत. त्यांच्या कानांवर माझी निम्मी नोकरी उभी होती.

आता एका रात्रीची गोष्ट. ही मी आजवर दोघा-तिघांनाच सांगितली आहे.

मला स्वतंत्र बसायची परवानगी मिळून थोडेच महिने झाले होते. रात्रीचे दीड वाजून गेले होते, म्हणजे आमच्या घड्याळात वीस वाजून गेले होते. आमची घड्याळं जागतिक वेळेवर चालतात, आपल्या साडेपाच तास मागे. मुंबईकडून आखाताकडे जाणारं एक विमान २८० वर होतं, म्हणजे अठ्ठावीस हजार फुटांवर. त्याला ३१० हवं होतं. वर हवा पातळ, इंधन कमी लागतं, वैमानिक मागणारच. पण मधे २९० वर समोरून, आखाताकडून मुंबईकडे, दुसरं एक विमान येत होतं. त्या काळी एकोणतीस हजारांच्या वर दोन विमानांत दोन हजार फूट ठेवायचे, कारण विरळ हवेत उंचीमापकांचा भरवसा कमी. एक हजारावर आपण आलो ते २००३ च्या नोव्हेंबरात. तर वर जाणाऱ्याला समोरच्याची लेव्हल फोडून जायचं होतं.

याचा नियम असा: दोघं एकमेकांना ज्या क्षणी पार करतील असा अंदाज आहे, त्याच्या आधीची दहा मिनिटं आणि नंतरची दहा मिनिटं लेव्हल फोडायची नाही. मग पार कधी करतील? त्यासाठी कॉम्प्युटर नव्हता, तोंडी हिशोब होता. दोघांच्या वाटेवरचा एक बिंदू घ्यायचा. समोरून येणाऱ्याचं त्या बिंदूवरचं एस्टिमेट माझ्या पट्टीवर होतं २०.१०. जाणाऱ्याचं होतं २०.३४. फरक चोवीस मिनिटं. वेग साधारण सारखे धरले तर फरकाचा निम्मा घ्यायचा, बारा, आणि तो आधीच्या वेळेत मिळवायचा. २०.२२ ला भेट. त्यात दहा. २०.३२ नंतर वर चढायला मोकळीक. भेटीच्या आधी चढवायचं तर २०.१२ च्या आत सगळं उरकायला हवं होतं, आणि तेव्हा वाजले होते २०.०५. चिठ्ठीच पोचली नसती. म्हणून मी उत्तर लिहिलं: २०.३२ ला किंवा त्यानंतर ३१० वर चढा.

चिठ्ठी हातात धरून मी उठत होतो तेवढ्यात मागून एक बोट आलं आणि समोरून येणाऱ्याच्या पट्टीवर टेकलं. आमचे वरिष्ठ होते. त्यांचं नाव घेत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. तुमच्यातले जुने लोक ओळखतील. सर म्हणाले, “हा सहा आहे का शून्य?”

मी म्हणालो, “शून्य, सर. वीस दहा.”

ते म्हणाले, “कुणी लिहिलाय?”

मीच लिहिला होता. तासाभरापूर्वी. घाईत. इंग्रजी सहा काढताना वरचा काटा इतका आखूड राहिला होता आणि पोट इतकं गोल झालं होतं की तासाभरानं मला स्वतःलाच तो शून्य वाटला. रेडिओ रूममधून मूळ चिठ्ठी मागवली. तिच्यावर स्वच्छ २०१६ होतं.

आता पुन्हा हिशोब करा. २०.१६ आणि २०.३४, फरक अठरा, निम्मे नऊ. भेट २०.२५ ला. मोकळीक २०.३५ ला. माझ्या चिठ्ठीत तीन मिनिटं कमी होती. घरच्यांना घाबरवायचं नाही म्हणून सांगतो, त्या तीन मिनिटांनी त्या रात्री टक्कर झाली नसती. वैमानिक २०.३२ ला वर निघाला असता तेव्हा ते दुसरं विमान अंदाजाप्रमाणे सात मिनिटांपूर्वी निघून गेलेलं असतं. पण ‘अंदाजाप्रमाणे’ या शब्दावर तर सगळं उभं होतं. समोरून येणाऱ्या दोन विमानांमधलं अंतर मिनिटाला तीस किलोमीटरनं कमी होतं. वारा अंदाजापेक्षा वेगळा असतो, वेग सारखे नसतात, ‘निम्मे’ हे खरं निम्मं नसतं, घड्याळं मागेपुढे असतात. हे सगळं पोटात घ्यायला ती दहा मिनिटं ठेवलेली होती. ती माझी नव्हती, मला खर्च करायला दिलेली नव्हती. मी त्यातली तीन एका आकड्याच्या शेपटीपायी उधळायला निघालो होतो.

सर ओरडले नाहीत. त्यांनी माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, फाडली नाही, खिशात ठेवली. मला म्हणाले, “नवीन पट्टी लिही. जुनी बोर्डावर ठेवू नकोस, पण टाकूही नकोस.” मग स्वतः शेजारी बसले आणि कागदावर सहा काढून दाखवले. वरचा काटा उंच, पोट खाली, बंद. सातला मधे आडवी रेघ. एक म्हणजे नुसती काठी, वर टोपी नाही. रात्री दोन वाजता मी, इंजिनिअरिंग करून आलेला माणूस, पहिलीतल्या पोरासारखा एका ओळीत सहा गिरवत होतो. त्या रात्री शिकलेलं अक्षर आजही तसंच आहे. घरच्या वाणसामानाच्या यादीतसुद्धा सातला रेघ का असते, ते आमच्याकडे आज कळलं असेल.

ते सर आता नाहीत. या नमस्कारातला अर्धा त्यांना.

पट्टीचं कौतुक करताना तिच्यावर जे ओझं टाकता येत नव्हतं तेही सांगायला पाहिजे, नाहीतर मी तिच्याशी खोटं बोललो असं होईल. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ इथल्या जुन्या कंट्रोलरांपैकी कुणी विसरलेलं नाही. हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं दिल्लीहून निघालेलं जम्बो आणि दिल्लीत उतरणारं कझाकस्तानचं विमान समोरासमोर धडकली. ३४९ माणसं गेली, एकही वाचला नाही. सौदी विमानाला चौदा हजारांवर थांबवलं होतं, कझाक विमानाला पंधरा हजारांवर. मधे एक हजार फूट. कंट्रोलरनं समोरून विमान येतंय हेसुद्धा कझाक वैमानिकाला सांगितलं होतं, किती मैलांवर आहे ते सांगितलं होतं. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमान ठिपका म्हणून दिसायचं, त्याची उंची दिसत नसे. उंची म्हणजे वैमानिकानं तोंडानं सांगितली ती. कझाक विमानानं पंधरा हजारांवर आल्याचं सांगितलं आणि ते त्याच्याही खाली उतरत गेलं. चौकशी आयोगानं दोष त्या विमानाच्या कर्मचाऱ्यांवर ठेवला.

त्या आठवड्यात ड्यूटीवर असताना मी प्रत्येक पट्टीकडे बघायचो आणि मनात यायचं, हा आकडा म्हणजे विमान नव्हे. विमानानं दिलेला शब्द आहे. पट्टी शब्द जपते. शब्द पाळला जातोय की नाही हे तिला बघता येत नाही. तिला डोळे नाहीत. त्यानंतर उंची दाखवणारी रडारं आली, विमानात टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली, दिल्लीत येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या. हे सगळं यायलाच हवं होतं, आणि आधी यायला हवं होतं. पुढे समुद्रावरची विमानंही उपग्रहामार्फत आपली जागा आपोआप कळवू लागली, निरोप टाइप होऊन येऊ लागले, मोहरीची तडतड कमी झाली, बोर्ड गेला. पडद्यावर आता विमानाच्या चिन्हाशेजारी आकडे असतात, आणि ते कुणाच्या अक्षरावर अवलंबून नसतात. पट्टी परत आणा असं मी म्हणत नाही. कुणी म्हटलं तर मी विरोध करीन.

पण तिच्याबरोबर एक गोष्ट गेली ती मला रोज खटकते. पडद्यावरचा आकडा बदलला की जुना आकडा नाहीसा होतो. तो मशीनच्या पोटात नोंदलेला असतो हे खरं, पण डोळ्यांसमोर नसतो. पट्टीवर आडवी रेघ होती आणि रेघेखाली कालचा आकडा होता. आणि हातानं लिहिताना तो आकडा एकदा डोक्यातून जायचा. तेवढा एक सेकंद आम्ही त्या विमानाचा विचार करायचो. पट्टी खाचेत बसवताना खट्ट असा आवाज यायचा, तो आवाज आला की ते विमान आपल्या डोक्यात बसलेलं असायचं. मागून चालणाऱ्या माणसाला बोट ठेवायला जागा होती. आज माझ्या मागे कुणी उभं राहिलं तर त्याला दिसतं की सगळं ठीक आहे. मी कुठं घाई केली ते दिसत नाही.

परवाच्या, माझ्या शेवटच्या नाईट ड्यूटीची एक गोष्ट सांगतो आणि बसतो. समुद्राच्या टेबलावर एक नवीन मुलगी होती. ती इथं आहे, तिला संकोच होईल म्हणून तिच्याकडे बघत नाही. परारकडे जाणाऱ्या एका विमानानं वरची लेव्हल मागितली. समोरून एक जुनं मालवाहू विमान येत होतं, उपग्रहाची सोय नसलेलं, अजून एचएफवर बोलणारं. तिनं मशीनला विचारलं, मशीननं लाल खूण दाखवली: नाही. ती मला म्हणाली, “सर, नाही म्हणतंय, पण कधीपर्यंत नाही?”

मी दोन्ही एस्टिमेट विचारली. तिनं सांगितली. फरक काढ म्हटलं, निम्मा कर, आधीच्या वेळेत मिळव, त्यात दहा घाल. तिनं डोळे मिटून हिशोब केला आणि वेळ सांगितली. मशीनमध्ये ती वेळ टाकून बघितली तर लाल खूण गेली. त्याच्या एक मिनिट आधीची टाकली तर परत आली.

ती हसली नाही, याचं मला फार बरं वाटलं. तिनं टेबलावर कागद शोधला, मिळाला नाही, म्हणून पेन काढून डाव्या तळहातावर ती वेळ लिहिली. त्या वेळेत शेवटी सहा होता. मी खुर्चीमागून वाकून बघितलं. काटा उंच होता, पोट बंद होतं.